नऊ शिट्ट्या आणि दसरा: कुकर लाँचचा दहा दिवसांचा प्लॅन

मंडळी, कालच्या मीटिंगमधे अर्धं बोलणं चहात आणि अर्धं भांडणात गेलं, म्हणून सगळं एकदा इथे लिहून टाकतेय. शेवटपर्यंत वाचा, नंतर "मला कुणी सांगितलंच नाही" चालणार नाही.

आधी मूळ आयडिया. आपण दिवस मोजायचे नाहीत, शिट्ट्या मोजायच्या. घटस्थापनेला नऊ, मग रोज एक कमी, खंडेनवमीला एक, आणि दसऱ्याला शिट्टी नाहीच, फक्त दोन शब्द: "कुकर पडला." कारण कुकर पडल्याशिवाय झाकण उघडत नाही हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहितीये, त्यामुळे दहा दिवस झाकण बंद का आहे ते कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. दसऱ्यापर्यंत पूर्ण कुकर कुठेही दिसता कामा नये. स्टेटसला नाही, डीलरच्या काउंटरवर नाही, दादांच्या गाडीच्या डिकीत पण नाही.

एक दिवस आधी सुरू करू असं दादा म्हणत होते, पण तो दिवस सर्वपित्री अमावस्येचा येतो. आपल्या निम्म्या डीलरना ते रुचणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

पहिला दिवस, नऊ. पूर्ण काळी स्क्रीन. आतल्या खोलीतून कुकरची शिट्टी, आणि बाहेरून एक बाई ओरडते, "किती झाल्या गं?" उत्तर नाही. कॅप्शन: "मोजायला लागा. नऊ." बास. लोगो नको, म्युझिक तर अजिबात नको. आवाज स्टुडिओत करायचा नाही, दादांच्या आईंच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड करू, पंखा बंद ठेवून, म्हणजे शिट्टीच्या आधी वजन थरथरतं तो बारीक आवाजही येईल. आणि शिट्टी आपल्या नव्या 3 लिटरचीच हवी. मागच्या वेळी सॅम्पलमधे घरच्या जुन्या कुकरचा आवाज टाकला होता, तो ऐकून आईंनीच सांगितलं की हा आपला नाही.

दुसरा दिवस, आठ. पोल: "तूरडाळीला किती शिट्ट्या? तीन, चार की पाच?" इथे कमेंटमधे महाभारत होणार आणि ते आपल्याला हवंच आहे, पण आपल्याकडून कुणी न्यायाधीश व्हायचं नाही. कुणी फारच विचारलं तर एवढंच लिहा: "डाळ भिजवली होती का, गॅस मोठा होता का, कुकर केवढा, यावर आहे ताई. सासूबाईंचंही बरोबर, तुमचंही."

तिसरा, सात. अर्ध्या महाराष्ट्राचा उपवास असतो, तेव्हा वरणभाताचे व्हिडिओ टाकून शिव्या खाऊ नका. रताळी आणि बटाटे उकडायचे, वाफेचा क्लोजअप घ्यायचा. कॅप्शन: "उपवास तुमचा आहे, कुकरचा नाही. सात."

चौथा, सहा. जुनी, काळी पडलेली, सैल झालेली रिंग आणि मागे उघडा फ्रीजर. कॅप्शन: "हिला फ्रीजरमधे ठेवून अजून किती दिवस काढणार? सहा." फोटोत जुना कुकर येईल त्यावर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव दिसायला नको, शूटच्या आधी स्टिकर काढा, घासूनच काढा.

पाचवा, पाच. फक्त हँडलची सावली. याच दिवशी डीलरना बॉक्स जातील, सील करून. मागच्या वर्षी कढईच्या वेळी एका डीलरने चार दिवस आधीच किमतीसकट फोटो स्टेटसला टाकला आणि आपली सगळी टीझर तिथेच संपली. त्या माणसाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आपणच बिलावर किंमत छापून पाठवली होती. यावेळी रेटकार्ड दसऱ्याच्या आदल्या रात्री 9 वाजता जाईल, त्याआधी मागू नका, मीही देणार नाही.

सहावा, चार. तळाचा कापलेला तुकडा, नाण्यासारखा हातात धरून: दोन्हीकडे स्टील, मधे अ‍ॅल्युमिनियम. शेजारी करपलेल्या डाळीचं पातेलं. "खाली लागलं का? चार."

सातवा, तीन. सगळं बजेट इथे. आई चपला घालता घालता सांगते, "मी येईपर्यंत तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर हं." पोरगा मोबाईलमधे मान घालून "हो". शिट्टी. "हो." शिट्टी. मग कट करून त्याचा चेहरा: ही दुसरी का तिसरी? तिथेच संपवा, पुढे एक फ्रेमही नको, कारण हा प्रसंग घडला नाही असं घर मला दाखवा. कॅप्शन फक्त "तीन." स्टोरीला काउंटडाऊन स्टिकर याच दिवसापासून लावा, वेळ दसरा सकाळी 10:30. आधीपासून लावला तर लोक विसरतात. पेड रील करणाऱ्या दोघी ताईंचे व्हिडिओही आजच, आणि त्यावर "जाहिरात" असं स्पष्ट लिहायचं, बारीक अक्षरात लपवायचं नाही.

आठवा, दोन. साधी पोस्ट. झाकणावरचा आयएसआय मार्क, त्यावर आयएस 2347, खाली आपला लायसन्स नंबर, बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह. गंमत नको, कविता नको. "दोन" एवढं कोपऱ्यात.

नववा, एक. खंडेनवमी. फॅक्टरीत मशीनची पूजा होते ती त्याच सकाळी शूट करायची, प्रेसला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि दर वर्षी नारळ फोडणारे आपले फोरमनकाका. हे आधी करून ठेवता येत नाही, खोटं लगेच कळतं. दुपारी 1 पर्यंत फुटेज, 5 ला पोस्ट. एडिटिंगवाल्याने त्या दिवशी सुट्टी मागू नये, मी आत्ताच नाही म्हणतेय.

दसरा. 10:30 ला झाकण उघडतं, वाफ जाते, आत भात. "कुकर पडला." मग पूर्ण कुकर, दीड, तीन आणि पाच लिटर, किमती 1,890, 2,690 आणि 3,390, कुठल्याही जुन्या कुकरवर 300 ची एक्सचेंज सूट, इंडक्शनवर चालतो हे मोठ्या अक्षरात.

आता एक कडक नियम. दहा दिवसांत "धमाका", "धमाकेदार", "ब्लास्ट", "स्फोटक ऑफर" यातलं काहीही कुठेही दिसलं तर मी स्वतः डिलीट करीन. आपण कुकर विकतोय, ज्याच्या आजीने घरात एकदा झाकण उडालेलं पाहिलंय त्याला हा विनोद वाटत नाही. सांगलीच्या डीलरचं बॅनर "दसरा धमाका" म्हणून छापायला गेलंय असं कळलं, ते आजच फोन करून थांबवा.

व्हॉट्सअ‍ॅपचं पण बघा. ब्रॉडकास्ट लिस्टमधे 256 च नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून दुकानात बिल देताना "नंबर सेव्ह करा, दसऱ्याला मेसेज येईल" हे काउंटरवरच्या मुलाने तोंडाने सांगायचं, पाटी लावून कुणी करत नाही.

रेकॉर्डिंग उद्या दुपारी 3 ला आईंकडे. त्या म्हणाल्यात भात त्याच लावतील, तांदूळ मात्र आपण न्यायचे.