चाळीस कट्टे

आईचे दिवसाचे चाळीस कट्टे. एका कट्ट्यात पंचवीस विड्या, म्हणजे हजार. हा हिशेब मला पाढे यायच्या आधीपासून येतोय, कारण संध्याकाळी कट्टे मोजायचं काम माझं. मी आता चौथीत आहे.

आज अडतीसच भरले. दोन रात्री जेवणानंतर करीन म्हणाली आई, आणि मांडीवर सूप घेऊन बसली. मी बाळूला थोपटत अंथरुणात पडले. कातरीचा आवाज ऐकत झोप लागते मला. भिजवलेलं पान कापताना कातर जरा ओला आवाज करते.

"हळू बोला, पोरं उठतील."

दर वेळी मी या 'हळू'नंच जागी होते.

डोळे मिटूनच ठेवले. आप्पा भिंतीला टेकून बसले असणार, कारण त्यांचा आवाज खालून येत होता. आमचं घर निपाणीत हायवेच्या अंगाला. तवंदी घाटाकडं निघालेले ट्रक गेले की कौलं थरथरतात आणि मधले शब्द जातात. त्यामुळं मला कुठलंच भांडण सलग ऐकायला मिळत नाही.

"...खोकतीस रात्रभर. सोड म्हणतोय ते."

"सोडून? वखार बंद झाली तुमची. आता दिवाळीपतोर..."

ट्रक.

"...इचलकरंजीला माग हाय. त्यो बोलीवतोय मला. आठवड्याला येतो की."

"आठवड्याला! गेल्या सालाला पण आठवड्यालाच येणार होता तुम्ही."

मग कोणीच बोललं नाही. कातरही थांबली होती. मला कातर चालू व्हायला हवी होती. ती चालू असली की आई नुसती बोलत असते. थांबली की काय ते मला सांगता येत नाही, पण पोटात गोळा येतो.

गेल्या साली आप्पा चार रविवार आले नव्हते. पाचव्या रविवारी आले ते माझ्यासाठी दप्तर घेऊन. आई दप्तराला हातसुद्धा लावत नव्हती. मी ते उशाला घेऊन झोपले होते आणि आईनं बघू नये म्हणून वर चादर ओढली होती.

"छाट किती काढली आज ठेकेदारानं?" आप्पांनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

"किती, सांग की."

"तीन कट्टे."

तीन कट्टे म्हणजे पंच्याहत्तर विड्या. त्या परत येत नाहीत आणि त्यांचे पैसेही मिळत नाहीत. संध्याकाळी आईनं मला हे सांगितलं नव्हतं. मला वाटलं, दोरा गुंडाळायला मी बसले होते त्यातल्याच असतील. दोन-तीन सैल झाल्या होत्या, आणि मी तशाच ढकलल्या होत्या.

"म्हणून म्हणतोय..." आप्पांचा आवाज चढला. "म्हणून म्हणतोय न्हवं मी!"

"मग जावा! कोण धरलंय?"

बाळू चुळबुळला. मी त्याच्या कानावर हात ठेवला. त्याचा कान गरम होता आणि माझा हात गार. तो जागा झाला नाही. दोघंही एकदम गप्प झाले, आणि मला कळलं की ते आमच्याकडं बघतायत. मी श्वास झोपेतल्यासारखा लांब घेतला. मला तो चांगला जमतो.

कोणीतरी आलं, आमच्या अंगावरची चादर सारखी केली. हाताला तंबाखूचा वास होता. पण आमच्या घरात दोघांच्याही हाताला तोच वास येतो. मी डोळे उघडले नाहीत.

नंतर आई खोकली. तांब्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा. खोकला थांबला. मग बऱ्याच वेळानं कातर पुन्हा चालू झाली. मी पानं मोजायला लागले आणि कुठंतरी झोपून गेले.

सकाळी सुपाशेजारी चाळीस कट्टे रचलेले होते. मी दोनदा मोजले.

आई चुलीपुढं होती, आप्पा उंबऱ्यावर. दोघांत चार पावलांचं अंतर.

"आप्पास्नी सांग, च्या निवतोय," आई म्हणाली.

मी उंबऱ्याशी गेले. "आप्पा, च्या निवतोय."

"आईला सांग, मला नको."

मी परत आले. आई माझ्याकडं बघत नव्हती, भाकरी थापत होती.

"काय म्हणले?"

"नंतर घेतो म्हणले."

आईनं कपावर बशी झाकली आणि कप चुलीच्या कडेला, उबेला सरकवून ठेवला.