मीनलला, काका गेल्यानंतर

प्रिय मीनल,

काका गेल्याचे काल संध्याकाळी तुझ्या भावाकडून कळले. रात्री आपण फोनवर बोललो खरे, पण तुला बोलवत नव्हते आणि मलाही नीट काही सुचत नव्हते, म्हणून हे लिहिते आहे. ते आजच वाचले पाहिजेस असे नाही, आणि याला उत्तर तर मुळीच पाठवू नकोस. पुढचे काही दिवस तुला इतक्या लोकांना उत्तरे द्यावी लागतील, त्यांत माझी भर नको.

मला फार वाईट वाटते आहे. "तुझे दुःख मी समजू शकते" असे मात्र मी म्हणणार नाही. माझे वडील जाऊन बरीच वर्षे झाली, तरी त्या अनुभवावरून तुझा अनुभव मला कळेलच असे नाही. गेली दोन वर्षे त्यांची औषधे, पथ्यपाणी, रात्री-अपरात्रीचे उठणे हे सारे नोकरी सांभाळून तू केलेस, आणि त्या काळात तुम्हा बापलेकींत जे काही होते त्याचा अंदाज बाहेरच्या माणसाने करू नये.

माझ्या मनात काका आहेत ते आजारपणाच्या आधीचे. घराच्या कर्जाचे कागद घेऊन मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या त्या माणसाने चष्मा पुसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ वाचली, पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आणि म्हणाले, "घाई समोरच्याला असते. आपण आधी विचारायचे, मग सही करायची." तू आतून ओरडलीस की बाबा, तिला आता जाऊ द्या, आणि त्यांनी तुझ्याकडे साफ दुर्लक्ष करून मला व्याजाचे कोष्टक समजावून दिले. आजही कोणताही करार हाती आला की मी पेन्सिल शोधते.

आता लोक भेटायला येतील आणि बहुतेक जण चांगल्या मनानेच बोलतील, पण त्यातले काही शब्द तुला लागतील. "सुटले बिचारे", "वय झालेच होते", "भरल्या घरातून गेले, सोने झाले" हे सगळे खरे असले, तरी ते तुझ्या तोंडी शोभेल, दुसऱ्याच्या नाही. त्यांचा त्रास संपला याचे तुला बरे वाटत असेल आणि त्याच वेळी ते हवे होते असेही वाटत असेल. या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात, त्यासाठी स्वतःला कोड्यात टाकू नकोस. "आता तूच खंबीर राहायला हवेस" असे म्हणणाऱ्याकडे सरळ काणाडोळा कर. कोणी तरी शोकाचे पाच टप्पेही सांगेल, कारण ते सगळ्यांना पाठ असतात. पण एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये ते मांडले, ते स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. तुझे रडणे, चिडणे किंवा काहीच न वाटणे त्या क्रमाने येईल असे नाही. काही दिवस झोप उडेल, भूक लागणार नाही, हातातली किल्ली कुठे ठेवली ते आठवणार नाही; असे बहुतेकांचे होते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला ठामपणे लिहायचे आहे. काल तू दोनदा म्हणालीस की त्यांना आणखी लवकर दवाखान्यात न्यायला हवे होते. पुढे काय घडणार हे आज तुला माहीत आहे. त्या दुपारी ते कोणालाच माहीत नव्हते, आणि जे दिसत होते त्यावरून डॉक्टरांना विचारून तुम्ही निर्णय घेतलात. यावर "असा विचार करू नकोस" असे म्हणून तुला गप्प करणे सोपे आहे, पण विचार तसा थांबत नाही. तो आला की मला सांग, त्याच गोष्टीसाठी दहाव्यांदा फोन केलास तरी चालेल. काही प्रश्न उरलेच, तर थोड्या दिवसांनी त्या डॉक्टरांना भेटून विचारू. मी सोबत येईन.

आईशी काय बोलायचे, असे तू विचारलेस. माझ्या मते त्यांना फार काही समजावू नये. "रडू नका", "मुलांकडे बघा" हे तर नकोच. जिने आयुष्याचा जोडीदार गमावला तिला आणखी एक काम कशाला द्यायचे? त्या काकांबद्दल बोलू लागल्या तर विषय बदलू नका, तीच गोष्ट पुन्हा सांगितली तरी पुन्हा ऐका. काकांचे कपाट आवरण्याची घाई नातेवाईक करतील, कारण आवरणे म्हणजे मदत असे अनेकांना वाटते. काय ठेवायचे आणि केव्हा द्यायचे ते आईंनाच ठरवू दे.

छोट्या ओमला मात्र खरे शब्दच सांगा. "आजोबा झोपले" असे सांगितले तर सहा वर्षांच्या मुलाला रात्री झोपायची भीती वाटू शकते, आणि "गावाला गेले" म्हटले तर तो वाट पाहत राहील. आजोबांचे शरीर खूप आजारी होते, ते काम करायचे थांबले, आजोबा वारले, आता ते परत येणार नाहीत आणि हे कोणाच्याही चुकीने झाले नाही, एवढे पुरे. तो तेच तेच विचारेल, आणि मध्येच उठून खेळायला जाईल. त्याला काही वाटत नाही असा त्याचा अर्थ नव्हे. तुला रडताना त्याने पाहिले तरी बिघडत नाही, फक्त का रडते आहेस ते त्याला सांग.

"काही लागले तर सांग" असे मी लिहीत नाही, कारण तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी येते आणि संध्याकाळपर्यंत थांबते. येणारे फोन मी घेईन, ओमला बाहेर नेईन, आणि तुला झोपावेसे वाटले तर पाहुण्यांशी मी बोलेन. त्या दिवशी कोणीच नको असे वाटले तर "नको" एवढा एक शब्द पाठव, मला राग येणार नाही. मग मी पुढच्या शनिवारी येईन. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती थोड्या जास्त घ्यायला भावाला सांग, कारण बँक, विमा, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक ठिकाणी तो मागतात. ते कागद आले की आपण दोघी मिळून वाचू. तोवर कोणी कितीही घाई केली तरी न वाचता सही करू नकोस. तुमच्या घरात तर ते मुळीच चालायचे नाही.

पहिली गर्दी ओसरली की लोक आपापल्या कामाला लागतील. त्यानंतरही मी काकांचा विषय काढेन, त्यांचे नाव घ्यायला कचरणार नाही. तुला तेव्हा ते नको असेल तर तसे स्पष्ट सांग.

तुझी,
वैशाली