राम राम आजोबा

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक ठरलेला बाक आहे, तिथे एक आजोबा बसतात, रोज सकाळी, म्हणजे डिसेंबरात अख्खं नाशिक कानटोपीतून नाक बाहेर काढत नाही तेव्हासुद्धा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "राम राम!" कुत्र्याला पण. मी कानात इअरफोन घालून नुसती मान हलवायचो, खरं सांगतो, थोडा वैतागच यायचा, कारण तीन राउंड म्हणजे तीनदा राम राम.

एकदा दम लागला म्हणून त्यांच्याच बाजूला टेकलो. स्वेटरचं वरचं बटन वेगळ्याच रंगाचं, मांडीवर छोटी वही, त्यात पेन्सिलीने नुसत्या उभ्या रेघा.

"हे काय आजोबा?"

"हिशोब. उलट किती राम राम आले त्याचा. काल एकवीस. तुझी मान मी अर्धी धरतो."

मला हसूच आवरेना. "मग आज पूर्ण धरा की, राम राम!"

"आता मागून दिलेला चालत नाही. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी इअरफोन मुद्दाम घरी ठेवले आणि वळणावरूनच ओरडलो, दोन जणं दचकून बाजूला झाले. आजोबांनी शांतपणे चष्मा पुसला, वही काढली, पेन्सिल जिभेला लावून एक रेघ मारली, आणि मग माझ्या मागून येणाऱ्या काकूंकडे वळले.

"काकू, काल तुम्ही चुकवलंत हं!"