आईच्या खोलीचे पॉइंट

संतोषभाऊ नमस्कार, काल फोनवर अर्धं राहिलं म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. मेसेज लांबलाय पण बॉक्स मारायच्या आधी एकदा शेवटपर्यंत वाचा, प्रिंट काढून भिंतीला चिकटवलात तरी चालेल. सोमवारपासून गिलावा सुरू होतोय, म्हणजे पाइप आणि बॉक्स शनिवारपर्यंत व्हायलाच हवेत.

आधी मापाचं. खोलीत अजून फरशी नाहीये, कोबा आणि फरशी मिळून ३ इंच तरी वर येणार, त्यामुळे आत्ताच्या जमिनीपासून टेप लावू नका. मिस्त्रींनी चारी भिंतींवर निळी लाइन मारलीय ती तयार फरशीपासून बरोबर ३ फुटांवर आहे, सगळं तिथूनच मोजा. खाली जी उंची लिहिलीय ती तयार फरशीपासून बॉक्सच्या खालच्या कडेपर्यंतची. म्हणजे ३ फूट ६ इंच म्हटलं की निळ्या लाइनच्या वर ६ इंच, आणि २ फूट ३ इंच म्हटलं की लाइनच्या खाली ९ इंच.

खोली आईसाठी आहे. तिची उंची ४ फूट १० इंच आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे वाकायला नको आणि हात वर ताणायला पण नको. म्हणून बोर्ड नेहमीपेक्षा जरा खाली घेतलेत, चुकून लिहिलंय असं वाटून साडेचार फुटांवर मारू नका प्लीज.

दाराची भिंत: आत येताना उजव्या हाताला, चौकटीपासून ८ इंच सोडून, ३ फूट ६ इंचावर ६ मॉड्यूलचा बोर्ड. त्यात ट्यूब टू-वे, फॅन टू-वे, बाहेरच्या पडवीचा बल्ब, आणि एक ६ अँपचं सॉकेट त्याच्या स्विचसकट. दार डावीकडे कपाटाच्या बाजूला उघडणार आहे, कडी उजवीकडे, त्यामुळे बोर्ड उजवीकडेच. आमच्या जुन्या खोलीत बोर्ड दाराच्या मागे गेलाय, आठ वर्षं झाली आम्ही दार लोटून मग लाइट लावतोय. त्या वेळी करणारा दुसराच होता, तुम्हाला बोलत नाहीये 😄 डावीकडे सगळं कपाट येणार, तिथे एकही पॉइंट नको.

बेडची भिंत (दारातून उजवीकडची, १२ फुटांची): बेड ५ फुटी, भिंतीच्या बरोबर मध्ये. गादीसकट उंची २० इंच होतेय, म्हणून दोन्ही बाजूचे बोर्ड २ फूट ३ इंचावर, म्हणजे पडल्यापडल्या हात पोचेल आणि बाजूच्या टेबलाच्या पण वर राहतील. आई बाथरूमच्या बाजूला झोपणार. तिकडचा बोर्ड १२ मॉड्यूलचा, बॉक्सचा मध्य दाराकडच्या कोपऱ्यापासून ९ फूट ३ इंचावर. त्यात ट्यूब टू-वे, फॅन टू-वे, फॅनचा रेग्युलेटर (दोन मॉड्यूलचा), वाचायचा लाइट, रात्रीचा छोटा लाइट, बेलचं बटण, आणि ६ अँपचं सॉकेट स्विचसकट. दहा भरतात, दोन डमी ठेवा. रेग्युलेटर इथेच हवा, दाराजवळ नको, पहाटे गार वाजलं की फॅन कमी करायला ती उठते आणि तेच मला नकोय. म्हणजे फॅनची वायर दाराच्या टू-वेवरून या बोर्डला आणि रेग्युलेटरमधून वर, पाइपमध्ये तेवढी जागा ठेवा. बेल आमच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये वाजली पाहिजे, तिथे ७ फुटांवर बेलचा पॉइंट.

बेडच्या दुसऱ्या बाजूला, त्याच कोपऱ्यापासून २ फूट ९ इंचावर, ३ मॉड्यूल: एक सॉकेट, एक स्विच. मच्छरच्या मशीनसाठी, बाकी काही नाही.

वाचायचा लाइट आईच्या बोर्डाच्या बरोबर वर ५ फुटांवर, ती पोथी बसून वाचते. ट्यूब म्हणजे २० वॅटची एलईडी पट्टी, याच भिंतीवर मधोमध ७ फूट ६ इंचावर. समोरच्या भिंतीवर लावली तर पडल्यावर डोळ्यात येते, आणि फॅनच्या पात्याच्या वर गेली तर भिंतभर सावली फिरत राहते, त्यामुळे याच्या वर नको.

बाथरूमची भिंत: बाथरूमच्या दाराच्या बेडकडच्या बाजूला, चौकटीपासून ८ इंच, ३ फूट ६ इंचावर बाथरूमचा लाइट आणि एक्झॉस्टचे स्विच, आणि शेजारी गिझरचा २० अँपचा डीपी स्विच. त्याच्या सरळ खाली १ फुटावर रात्रीचा छोटा लाइट, उजेड जमिनीकडे पडणारा. हा सगळ्यात महत्त्वाचा. रात्री दोनदा उठते, मोबाईलची बॅटरी लावून एका हातात मोबाईल आणि एका हातात काठी अशी चालते, मी एकदा बघितलं आणि माझाच जीव वर आला.

खिडकीची भिंत (बेडच्या समोरची): टीव्हीचा बॉक्स ३ फूट ९ इंचावर, मध्य दाराकडच्या कोपऱ्यापासून ४ फूट ६ इंच, म्हणजे टीव्हीच्या मागे लपेल. ६ मॉड्यूल, दोन सॉकेट दोन स्विच. शेजारून डिशच्या केबलला गच्चीपर्यंत एक रिकामा पाइप, त्यात ओढायला तार घालून ठेवा. एसी या वर्षी नाही घेत, पण खिडकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ७ फूट ६ इंचावर एसीचा पॉइंट आणि त्याचा स्विच खाली ३ फूट ६ इंचावर करून ठेवा, आणि पाणी जायचा पाइप पण आत्ताच भिंतीत घाला, उतार बाहेरच्या बाजूला. नंतर रंगवलेली भिंत फोडायची नाही मला.

फॅनचा बॉक्स स्लॅबमध्ये आहेच मधोमध, पण सिमेंट गेलंय असं वाटतंय, उघडून हूक हलवून बघा.

वायर: लाइट फॅन दीड, सॉकेट अडीच, एसी आणि गिझर प्रत्येकी ४ एमएमची वेगळी लाइन आणि डीबीत वेगळा एमसीबी. ट्यूब, फॅन, रात्रीचा लाइट, वाचायचा लाइट, बेल हे इन्व्हर्टरवर, आणि त्याचा न्यूट्रल पण वेगळाच ओढा, मेनच्या न्यूट्रलला जोडू नका. हिरवी वायर प्रत्येक सॉकेटला पोचली पाहिजे. जुन्या खोलीत सॉकेटला हिरवी वायर दिसते पण मागे कुठेच जोडलेली नाही हे आम्हाला कूलरचा शॉक बसल्यावर कळलं.

बॉक्स भिंतीच्या अर्धा इंच बाहेर ठेवा, गिलाव्यात आत जायला नकोत, आणि तोंडाला कागद भरा. पाइप झाले की गिलाव्याआधी मला बोलवा, टेप धरून चारी भिंतींचे फोटो काढणार आहे, उद्या खिळा कुठे मारायचा ते कळेल.

वायर आणि स्विच हे घेऊन येतील, पाइप बॉक्स बेंड तुम्ही आणा, यादी आज रात्री पाठवली तर बरं. शनिवारी सकाळी नऊला याल ना? चावी शेजारच्या काकूंकडे ठेवतेय. चहा मी दहाला घेऊन येते, तेव्हा आईच्या बाजूचा बोर्ड आधी एकत्र बघू, ती पण येणार आहे, तिला खुर्चीत बसवून हात पोचतो का ते बघूनच मग भिंत कापा.