टीप क्र. 3 : प्रारंभीच्या बौद्ध संगीती (10 गुण), उत्तराचा आराखडा

वेळ 18 मिनिटे, शब्द साधारण 250. गुणांचा अंदाज : चार संगीतींना मिळून 6, साधनांच्या चिकित्सेला 3, प्रस्तावनेला 1. बहुतेक उत्तरं राजगृहावरच दीड पान खर्च करतात आणि साधनांना दोन ओळी उरतात. म्हणून पहिली संगीती पाच ओळींत आटोपायची.

प्रस्तावना : 'संगीती' म्हणजे एकत्र पठण. धम्म मुखोद्गत होता, त्यामुळे सामुदायिक पठण हीच खातरजमा.

पहिली : राजगृह, सप्तपर्णी गुहा, महापरिनिर्वाणानंतर लगेच, परंपरेने इ.स.पू. 483. अजातशत्रू, अध्यक्ष महाकश्यप, 500 भिक्खू. उपालीने विनय, आनंदाने धम्म सांगितला. 'त्रिपिटक तयार झाले' असं लिहायचं नाही. चुल्लवग्गाच्या वृत्तान्तात अभिधम्माचा उल्लेख नाही.

दुसरी : वैशाली, सुमारे 100 वर्षांनी (इ.स.पू. 383), कालाशोक, 700 भिक्खू. इथे रेंगाळायचं. वज्जी भिक्खूंच्या 'दहा वत्थूं'वर यशाचा आक्षेप. उदाहरणं दोनच : शिंगात मीठ साठवणं, सोनं-रुपं स्वीकारणं. पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ थेरांच्या समितीने दहाही बाबी अमान्य केल्या. महासांघिकांची फूट इथेच पडली असं दीपवंस सांगतो, चुल्लवग्ग मात्र फुटीबद्दल गप्प आहे. उत्तरेकडील परंपरा फुटीचं कारण महादेवाच्या पाच मतांत शोधते. हा विरोध मांडला की चिकित्सेचा एक गुण इथेच पदरात.

तिसरी : पाटलिपुत्र, अशोक, सुमारे इ.स.पू. 250, मोग्गलिपुत्त तिस्स, 1000 भिक्खू. संघात घुसलेल्या अन्यपंथीयांची हकालपट्टी, 'कथावत्थु', धम्मदूतांची रवानगी (महेंद्र लंकेला, महाधम्मरक्खित महारट्ठात).

चौथी : काश्मीर, कनिष्क, वसुमित्र, सर्वास्तिवादी, 'विभाषा' भाष्य. थेरवाद ती मानत नाही. कनिष्काचा काळ वादग्रस्त असल्याने 'इ.स. 1ले-2रे शतक' एवढंच. लंकेत वट्टगामणीच्या काळातलं त्रिपिटकलेखन (इ.स.पू. 1ले शतक) ही वेगळी घटना, दोन्हींची सरमिसळ झाली की गुण जातो.

साधनं : दीपवंस, महावंस घटनांनंतर कित्येक शतकांनी रचले गेले, तेही लंकेच्या थेरवादी संघात, आपली परंपरा हीच मूळ, हे ठसवणं त्यांच्या हिताचं. तिसऱ्या संगीतीचा पुरावा जवळपास फक्त याच परंपरेतला. अशोकाच्या लेखांत तिचा उल्लेख नाही. तरी सांची, सारनाथ आणि कौशांबीच्या संघभेद-लेखांत फूट पाडणाऱ्याला पांढरी वस्त्रं नेसवून संघाबाहेर राहायला लावण्याची आज्ञा आहे. म्हणजे संघात तंटा होता, संगीती मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. सांचीच्या धातुकरंडकांवर हिमालयाकडे गेलेल्या धम्मदूतांपैकी काहींची नावं सापडली, एवढा भाग वंसग्रंथांच्या बाजूचा. चौथीसाठी मुख्य आधार ह्यूएन त्संग, म्हणजे 7व्या शतकातला.

कालगणना शेवटच्या दोन ओळींत : बुद्धनिर्वाण ते अशोकाचा राज्याभिषेक हे अंतर लंकेच्या परंपरेत 218 वर्षं, उत्तरेकडे सुमारे 100. त्यामुळे पहिल्या दोन्ही सनांपुढे 'परंपरेनुसार' हा शब्द हवाच.