प्रोफेशनल इंजिनिअर नोंदणी: प्रकल्प अनुभव निवेदन (स्थापत्य)

प्रकल्प: रायगड जिल्ह्यातील खाडीपूल, २८ बोअर्ड पाइल, व्यास १००० मिमी, लांबी सुमारे १८ मी., एम३५ काँक्रीट
कालावधी: ऑक्टोबर २०२१ ते मे २०२२
पद: साइट इंजिनिअर (पाया), कंत्राटदाराकडून

पाइलची रचना आणि भारक्षमतेची गणिते सल्लागाराची. भारचाचणी त्रयस्थ प्रयोगशाळेने घेतली. त्या कामांचे श्रेय मी मागत नाही. बोअरचा तळ स्वीकारणे, काँक्रीट सुरू करण्याची परवानगी देणे आणि काम थांबवणे हे लेखी अधिकार माझ्याकडे होते. पाइल नोंदवहीवर सही माझी आहे.

प्रत्येक बोअरमध्ये खडक लागल्याची खात्री मी चिझेलिंगच्या प्रगतीवरून आणि वर आलेल्या तुकड्यांवरून केली. फ्लशिंगनंतर तळातील बेंटोनाइटची घनता १.१२ च्या वर भरली, तर पुन्हा फ्लशिंग करायला लावले.

दुसऱ्या खांबाच्या एका पाइलमध्ये इंटिग्रिटी चाचणीत सुमारे १२.५ मी. खोलीवर दोष दिसला. ती पाइल दुसऱ्या पाळीत भरली गेली होती. कारण शोधण्याचे काम माझ्याकडे आले. पाइलचे क्षेत्रफळ ०.७८५ चौ.मी., म्हणून ६ घनमीटरच्या पहिल्या गाडीने काँक्रीट कागदावर ७.६ मी. चढून १०.४ मी. खोलीवर यायला हवे. ट्रेमीचे टोक तेवढ्या हिशेबाने १२.४ मी.वर ओढले होते, म्हणजे २ मी. बुडालेले धरून. दोरी टाकून पातळी मोजल्याची नोंद मात्र नव्हती. बोअर लॉगमध्ये ११ ते १५ मी. वाळूचा थर होता. तिथे बाजू ढासळून काँक्रीट जास्त खाल्ले गेले, प्रत्यक्ष पातळी खालीच राहिली आणि ट्रेमीचे टोक काँक्रीटबाहेर आले. दुसरी गाडी त्यानंतर बेंटोनाइटमधून पडली. मी कोअर काढण्याची शिफारस केली, १२.३ ते १२.७ मी.मध्ये बेंटोनाइट मिसळलेले ठिसूळ काँक्रीट निघाले.

पाइल नाकारण्याचा अहवाल मी लिहिला. दोन पर्यायी पाइल आणि रुंद पाइल कॅप हा निर्णय सल्लागाराचा. त्यांना लागणारी प्रत्यक्ष केंद्रांची मोजणी मी टोटल स्टेशनने करून दिली.

पुढील कामासाठी पद्धत मी बदलली. प्रत्येक गाडीनंतर पातळी दोरीने दोन ठिकाणी मोजायची. त्यातील खोल आकडा धरून टोक किमान २ मी. बुडालेले राहील तेवढाच पाइप काढायचा. मोजणीवर सही झाल्याशिवाय पाइपचा सांधा सोडायचा नाही. स्लम्प १५० ते १८० मिमीबाहेर असलेली गाडी परत. तिन्ही गाड्या साइटवर उभ्या असल्याशिवाय पहिली ओतायची नाही. या शेवटच्या अटीला वेळापत्रकावरून विरोध झाला. मी ती कायम ठेवली, कारण मध्येच गाडी अडकली तर ट्रेमीतले काँक्रीट घट्ट होते आणि पाइप हलवण्याचा मोह तिथेच होतो. पर्यायी दोन धरून उरलेल्या १८ पाइलमध्ये इंटिग्रिटी चाचणीत दोष आढळला नाही.

सोबत: माझ्या सहीची पाइल नोंदवही, नाकारण्याचा अहवाल, सुधारित कार्यपद्धती. ही तिन्ही कागदपत्रे प्रकल्प व्यवस्थापकांनी प्रमाणित केली आहेत.