भाषाविषयक धोरण : मरोळ गोदाम व कार्यालय

लागू : 1 जुलैपासून. कायम व कंत्राटी कर्मचारी, हमाल, ड्रायव्हर आणि सुरक्षारक्षक, सर्वांसाठी.

गेल्या पावसाळ्यात मालाच्या लिफ्टवर '300 किलोपेक्षा जास्त माल चढवू नये' ही सूचना फक्त इंग्रजीत लावली होती. दोघे हमाल दीड तास मध्येच अडकून पडले. चूक त्यांची नव्हती, सूचना लावणाऱ्यांची होती, म्हणजे आमची. म्हणून हे धोरण.

सूचना : प्रत्येक सूचना वर मराठीत, खाली हिंदीत, गरज असेल तर इंग्रजीतही, अक्षर सारख्याच आकाराचे. धोक्याच्या सूचनेला चित्र हवेच. मजकूर त्या भाषेत वाढलेल्या माणसाने वाचून होकार दिल्याशिवाय फलकावर लागणार नाही. दर्शनी पाटीवरचे मराठी अक्षर इतर लिपींपेक्षा लहान चालत नाही, हे 2022 च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. त्यातून सूट कोणीही मागू नये.

वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर कोणाचीही सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. आधी मोठ्याने वाचून दाखवा, समजले का ते विचारा, मगच पेन पुढे करा. घाई असली तरीही.

बैठका : सकाळी नऊची गोदामातली बैठक मराठी आणि हिंदीत. कार्यालयातल्या बैठका इंग्रजीत चालल्या तरी शेवटी ठरलेले काम, कोणाकडे आणि कधीपर्यंत, हे मराठी-हिंदीत सांगितल्याशिवाय उठायचे नाही. 'परत सांगा' म्हणणाऱ्याला हसू नये. चलान, डिस्पॅच, स्टॉक हे शब्द सगळ्यांना कळतात, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधू नका.

चहाच्या वेळी कोणी कन्नडमध्ये बोलले, कोणी भोजपुरीत, तो त्यांचा प्रश्न. मात्र ज्याच्या कामाबद्दल बोलणे चालले आहे तो समोर उभा असेल, तर त्याला कळेल अशा भाषेत बोला.

आदर : 'भय्या', 'मद्रासी', 'घाटी' ही हाक मारण्याची नावे नाहीत. मालवणी हेल किंवा वऱ्हाडी शब्दांची नक्कलही यातच मोडते. मराठी माणसे ती आपापसात करतात म्हणून ती चालते असे नाही. मराठीत बोलणाऱ्याला 'हिंदीत बोल' असे फर्मावायचे नाही. दोन मराठी माणसेच एकमेकांशी हिंदीत बोलतात ही मुंबईची जुनी सवय, ती आपल्याकडे तरी मोडू या. मराठी येत नाही म्हणून मात्र कोणाचे काम किंवा बढती अडणार नाही. शिकायचे असेल त्यांच्यासाठी दर बुधवारी चार ते साडेचार वर्ग आहे, ड्युटीच्या वेळेत, पगार न कापता.

तक्रार : मनुष्यबळ विभागाकडे, कोणत्याही भाषेत, तोंडीही चालेल. सात दिवसांत उत्तर मिळेल, तक्रार करणाऱ्याच्या भाषेत. पहिल्या वेळी समज, पुढे आचारसंहितेनुसार कारवाई. सुपरवायझर असला तर थेट लेखी नोटीस.